ताब्याआधीचं व्याज पाच भागात मिळतं, पण दोन लाखांच्या आतच

मॅडम नमस्कार. मी आणि मिस्टरांनी मिळून कल्याणला फ्लॅट घेतला. करारावर दोघांची नावं आहेत, कर्जातही दोघं आहोत आणि हप्ता निम्मा निम्मा भरतो. कर्ज ४२ लाखांचं, पहिला चेक बिल्डरला सप्टेंबर २०२१ मध्ये गेला, ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आणि ताबा नोव्हेंबर २०२५ मध्ये मिळाला. तोपर्यंत प्री-ईएमआय, म्हणजे नुसत्या व्याजाचा हप्ता, पण भरत होतो आणि घरभाडं पण. आता नव्या घरातच राहतोय. ऑफिसमधले एकजण म्हणतात ताब्याच्या दिवसापर्यंतचं सगळं व्याज जोडून पाचने भागायचं, आणि ते दोन लाखांच्या वर वेगळं मिळतं. बँकेतला मुलगा म्हणतो दोन लाखांच्या वर काहीच नाही. माझा पगार वर्षाला ११ लाख, मिस्टरांचा १६ लाख. रिटर्नमध्ये नक्की किती टाकायचं? आणि ताबा एवढा उशिरा मिळाला त्याचा फटका बसेल का? व्याजाची सर्टिफिकेटं आणि कराराचं पहिलं पान सोबत जोडलंय.
– एक वाचक, कल्याण

नमस्कार ताई,

बँकेतल्या मुलाचं बरोबर आहे. ऑफिसमधल्या गृहस्थांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि त्यातली पहिली चूक इतकी सगळीकडे पसरलीय की आधी तीच नीट सोडवते.

आयकर कायद्याच्या कलम २४(बी) मध्ये गृहकर्जाच्या व्याजाची वजावट आहे. घर तयार होऊन हातात येईपर्यंत त्यावरचं व्याज वजा करता येत नाही, कारण तोवर ते घर तुमच्या उत्पन्नाच्या हिशोबातच आलेलं नसतं. मग तोपर्यंत भरलेलं व्याज बुडालं का, तर नाही, कायदा म्हणतो ते साठवून ठेवा आणि घर मिळालं त्या वर्षापासून पाच सारख्या भागात घ्या. पण हा साठा ताब्याच्या दिवशी बंद होत नाही, ताबा ज्या आर्थिक वर्षात मिळाला त्याच्या आधीच्या ३१ मार्चला बंद होतो. तुमचा ताबा नोव्हेंबर २०२५ चा, म्हणजे वर्ष २०२५-२६, म्हणून साठा ३१ मार्च २०२५ पर्यंतचाच. १ एप्रिल २०२५ पासून नोव्हेंबरपर्यंत जे प्री-ईएमआय भरलंत ते तुम्हाला ताब्याआधीचं वाटतं, आणि तारखेने आहेही, पण कायद्याच्या हिशोबात ते चालू वर्षाचं व्याज आहे. त्याचे पाच तुकडे करायचे नाहीत, ते याच वर्षात पूर्ण धरायचं.

आता तुमच्या सर्टिफिकेटांवरचे आकडे घेऊ. २०२१-२२ मध्ये ३८,०००, २०२२-२३ मध्ये १,१२,०००, २०२३-२४ मध्ये २,०५,००० आणि २०२४-२५ मध्ये २,९५,०००. बिल्डरला जसजसे स्लॅबप्रमाणे पैसे जात गेले तसं व्याज वाढत गेलेलं दिसतंय. सगळं मिळून ६,५०,०००. त्याचा पाचवा भाग १,३०,०००, आणि हा भाग २०२५-२६ पासून २०२९-३० पर्यंत दरवर्षी एक असा मिळणार. २०२५-२६ चं स्वतःचं व्याज सर्टिफिकेटवर ३,४०,००० आहे, त्यात ताब्याआधीच्या महिन्यांचे २,२०,००० आणि नंतरचे १,२०,००० अशी दोन्ही आली. म्हणजे यावर्षीची बेरीज ३,४०,००० अधिक १,३०,०००, एकूण ४,७०,०००. तुम्ही निम्मे निम्मे, म्हणून प्रत्येकी २,३५,०००.

ऑफिसमधल्या गृहस्थांच्या पद्धतीने केलं असतं तर ६,५०,००० मध्ये ते २,२०,००० पण टाकले असते, ८,७०,००० चा पाचवा भाग १,७४,००० आणि वर फक्त नोव्हेंबरनंतरचे १,२०,०००, म्हणजे एकूण २,९४,०००, प्रत्येकी १,४७,०००. योग्य पद्धतीने प्रत्येकाची २ लाखांची मर्यादा यावर्षी पूर्ण भरतेय आणि त्यांच्या पद्धतीत प्रत्येकी ५३,००० कमी पडतायत. शिवाय पुढची चार वर्षं चुकीचा, फुगलेला पाचवा भाग दाखवत राहाल आणि कधी विचारणा आली तर तो टिकणार नाही.

दुसरी गोष्ट मर्यादेची. स्वतः राहत असलेल्या घरासाठी वर्षाला २ लाख ही मर्यादा चालू वर्षाचं व्याज आणि पाचवा भाग या दोघांना मिळून आहे. पाचव्या भागाला वेगळा कप्पा नाही. मर्यादा माणशी आहे, घराला नाही, म्हणून तुम्हा दोघांना मिळून ४ लाखांपर्यंत जागा आहे, पण प्रत्येकाचे वरचे ३५,००० यावर्षी गेलेच, ते पुढच्या वर्षी ढकलता येत नाहीत. नीट बघा, पाचवा भाग नसता तरी तुमचे प्रत्येकी १,७०,००० झालेच असते, त्यामुळे १,३०,००० च्या पाचव्या भागातून तुम्हा दोघांना मिळून खरा उपयोग फक्त ६०,००० चा होतोय. पुढच्या वर्षी पूर्ण ४२ लाखांवर वर्षभर व्याज लागेल, तुमच्या आत्ताच्या दराने ते साधारण साडेतीन लाखांच्या आसपास जाईल, तेव्हा जागा अजून कमी उरेल. कर्जाच्या सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यात व्याजच जास्त असतं आणि नेमकी तीच पाच वर्षं या पाच भागांचीही असतात, त्यामुळे मोठं कर्ज असणाऱ्या बहुतेकांचा पाचवा भाग बराचसा कागदावरच राहतो. एकट्याच्या नावावर ४२ लाखांचं कर्ज असतं तर चालू वर्षाच्या व्याजानेच २ लाख ओलांडले असते आणि साडेसहा लाखांच्या साठ्यातला एक रुपयाही कामाला आला नसता. लोकांना हे कुणी आधी सांगत नाही आणि मग बुकिंग करताना त्या पाच भागांच्या भरवशावर गणितं मांडली जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

उशिराचं विचारलंत ते महत्त्वाचं आहे. २ लाखांची मर्यादा मिळायला अट अशी की ज्या आर्थिक वर्षात कर्ज घेतलं ते वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत घर पूर्ण व्हायला हवं. तुमचा पहिला चेक सप्टेंबर २०२१ चा, ते वर्ष संपलं ३१ मार्च २०२२ ला, तिथून पाच वर्षं म्हणजे ३१ मार्च २०२७. तुम्ही त्याच्या बऱ्याच आत आहात, काहीही फटका नाही. पूर्वी ही मुदत तीन वर्षांची होती, २०१६ च्या बजेटमध्ये पाच झाली, आणि मर्यादा आधी दीड लाख होती ती २०१४ मध्ये दोन लाख झाली. इंटरनेटवर जुने लेख अजून पडलेले आहेत त्यात तीन वर्षं वाचलंत तर घाबरू नका.

पण मुदत चुकली तर काय होतं तेही सांगते, कारण हे वाचणाऱ्यांत अडकलेल्या प्रोजेक्टवाले नक्की असतील. मुदत चुकली की मर्यादा थेट ३०,००० वर येते, आणि ती चालू व्याज आणि पाचवा भाग सगळं मिळून, दरवर्षी. चूक बिल्डरची होती, कोर्टात स्टे होता, हे काही यात बघितलं जात नाही. आणि मोजायला सुरुवात कर्जापासून होते, बुकिंगपासून किंवा करारापासून नाही. म्हणून ज्यांना अजून कर्ज उचलायचंय त्यांनी पहिला चेक कुठल्या महिन्यात जातोय ते बघावं, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गेला तर पाच वर्षं लगेच ३१ मार्चपासून सुरू होतात आणि एप्रिलमध्ये गेला तर जवळपास एक वर्ष जास्त मिळतं. कर्ज टप्प्याटप्प्याने उचललं असेल तर सुरक्षित हिशोब पहिल्या टप्प्यापासूनच धरायचा.

आपल्याकडे अजून एक प्रकार चालतो, फिट-आऊट पझेशन. ओसी आलेली नसते पण बिल्डर किल्ल्या देतो, तुम्ही फर्निचरचं काम सुरू करा म्हणतो आणि एक पत्र हातात ठेवतो. लोक त्या पत्राची तारीख धरून वजावट सुरू करतात. घर पूर्ण झालंय हे ओसीशिवाय सिद्ध करणं अवघड जातं, म्हणून माझा आग्रह असतो की ओसी आणि त्यानंतरचं ताब्याचं पत्र दोन्ही हातात आल्यावरच ते वर्ष पहिलं वर्ष धरावं. तुमची ओसी आणि ताबा एकाच महिन्यातले आहेत, तुमच्या बाबतीत हा प्रश्नच नाही.

दोघांच्या नावाबद्दल. तुमचं सगळं व्यवस्थित आहे, करारावरही दोघं आणि कर्जातही दोघं, आणि हप्ता दोघांच्या खात्यातून जातोय. वजावट मिळायला मालकी पण लागते आणि कर्ज पण लागतं. बऱ्याच घरांत बायकोचं उत्पन्न दाखवून कर्ज मोठं मंजूर करून घेतात, ती सहकर्जदार होते, पण करारावर नाव फक्त नवऱ्याचं. तिथे बायको हप्ता भरत असली तरी तिला काहीही वजावट नाही. उलटंही होतं, करारावर नाव आहे पण कर्ज एकट्या नवऱ्याचं, तिथेही तिला नाही. तुमच्यात निम्मे निम्मे धरलेत ते हप्त्याच्या वाट्याशी जुळतंय, तेच प्रमाण पाचही वर्षं ठेवा, एका वर्षी सत्तर-तीस आणि दुसऱ्या वर्षी चाळीस-साठ असं सोयीने फिरवू नका.

आता मुख्य मुद्द्यावर येते. तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्या पत्रातले पगाराचे आकडे वाचल्यावर तोच पहिला डोक्यात आला. ही सगळी वजावट फक्त जुन्या कर पद्धतीत आहे. नव्या पद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाला शून्य मिळतं, चालू व्याजालाही आणि पाचव्या भागालाही. आणि २०२३-२४ पासून काही न निवडता रिटर्न भरलं की नवी पद्धतच धरली जाते. म्हणून आधी हे ठरवायचं की तुमच्या दोघांसाठी जुनी पद्धत परवडते का.

तुमचं सोपं आहे ताई. ११ लाखांतून नव्या पद्धतीत स्टँडर्ड डिडक्शनचे ७५,००० गेले, उरले १०,२५,०००, आणि २०२५-२६ साठी १२ लाखांपर्यंत रिबेट असल्यामुळे कर शून्य. जुन्या पद्धतीत स्टँडर्ड डिडक्शन ५०,०००, ८०सी चे दीड लाख, मेडिक्लेमचे २५,००० आणि व्याजाचे पूर्ण २ लाख धरले तरी ६,७५,००० वर कर लागतो, सेससकट ४९,४००. तुमच्या वाट्याचं व्याज तुम्ही दाखवायचंच नाही, नवी पद्धत घ्यायची, विषय संपला.

मिस्टरांचं जरा बघावं लागेल. १६ लाखांवर नव्या पद्धतीत कर होतो १,१३,१००. जुन्या पद्धतीत स्टँडर्ड डिडक्शन, पूर्ण ८०सी, मेडिक्लेम आणि व्याजाचे २ लाख, एवढं सगळं टाकून १,७१,६०० होतो. यावर्षी आठ महिने भाडं भरलंय, त्याची घरभाडे भत्त्याची सूट समजा दीड लाख मिळाली, तरी १,२४,८००, म्हणजे अजून नवीच ११,७०० ने स्वस्त. त्यांनी ३१ मार्चच्या आत एनपीएसमध्ये स्वतःचे वेगळे ५०,००० टाकले असतील तर जुनी १,११,८०० वर येते आणि जेमतेम १,३०० रुपयांनी जिंकते. घरभाड्याची सूट नेमकी किती बसते ते त्यांच्या बेसिक पगारावर ठरतं, ते पत्रात नाहीये, म्हणून फॉर्म १६ समोर ठेवून दोन्ही हिशोब एकदा करा, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर कॅल्क्युलेटर आहे. १६ लाख पगाराला जुनी पद्धत बरोबरीला यायला स्टँडर्ड डिडक्शन सोडून साधारण ५ लाख ६९ हजारांच्या वजावटी लागतात, आणि पुढच्या वर्षी घरभाड्याची सूट नसणार, तेव्हा एनपीएस धरूनही तेवढं होत नाही.

तुम्हाला वाटेल मग माझी वजावट मिस्टरांकडे वळवू, त्यांनी सगळं व्याज एकट्याने दाखवावं. उपयोग नाही, त्यांच्या निम्म्या वाट्यातच त्यांचे २ लाख भरलेत.

यात एक गोष्ट लक्षात ठेवा, ज्या वर्षी नवी पद्धत घेतली त्या वर्षीचा पाचवा भाग गेला. तो साचत नाही, सहाव्या वर्षी घेता येत नाही. पण पुढच्या वर्षीचा पाचवा भाग मात्र शाबूत असतो, त्या वर्षी जुनी पद्धत निवडली तर मिळतो. पगारदार माणसाला पद्धत दरवर्षी बदलता येते, फक्त जुनी घ्यायची असेल तर रिटर्न मुदतीत भरायला हवं, मुदत गेली की जुनीचा दरवाजा त्या वर्षापुरता बंद. ऑफिसने वर्षभर नव्या पद्धतीने टीडीएस कापलेला असला तरी रिटर्नमध्ये जुनी घेता येते, उलटही चालतं. धंदा-व्यवसायाचं उत्पन्न असेल त्यांना मात्र असं दरवर्षी येता-जाता येत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ चा, लागू झालाय, कलमांचे आकडे बदललेत, घराच्या वजावटी तिथे कलम २२ मध्ये आहेत. पाच भाग आणि दोन लाखांची मर्यादा तिथेही तशीच आहे. २०२५-२६ चं रिटर्न तर जुन्याच कायद्याप्रमाणे जाणार.

तुमचं कर्ज २०२१ मधलं म्हणून कुणीतरी ८०ईईए बद्दलही सांगेल. १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ मध्ये मंजूर झालेल्या कर्जाला दोन लाखांच्या वर आणखी दीड लाखांपर्यंत व्याज मिळतं, त्या अर्थाने तुमच्या ऑफिसमधल्या गृहस्थांनी असं काही ऐकलं असेल. पण त्यात घराची स्टॅम्प ड्युटीची किंमत ४५ लाखांपर्यंत हवी आणि मंजुरीच्या दिवशी दुसरं घर नावावर नको. तुमच्या करारावर ५६ लाख आहेत, त्यामुळे ते तुम्हाला नाही, आणि तेही जुन्या पद्धतीतच आहे.

मुद्दलाचं काय, हे तुम्हाला लागू नाही कारण तुम्ही फक्त प्री-ईएमआय भरलंत, त्यात मुद्दल नसतं. पण काही जण पहिल्या दिवसापासून पूर्ण ईएमआय सुरू करतात. त्यांनी ताब्याआधी फेडलेल्या मुद्दलाला ८०सी मध्ये जागा नाही, आणि मुद्दलाला पाच भागांची सोयही नाही. कर्ज लवकर कमी होतं हा फायदा आहेच, फक्त कराची वजावट मिळेल म्हणून तसं करू नये.

पुढच्या पाच वर्षांत बदली वगैरे होऊन फ्लॅट भाड्याने द्यायची वेळ आली तर हिशोब बदलतो, आणि तिथे हा पाचवा भाग खरा कामाला येतो. भाड्याच्या घराला व्याजावर दोन लाखांची मर्यादा नाही. भाड्यातून महापालिकेचा कर आणि मग उरलेल्याच्या ३० टक्के वजा करून जे राहतं त्यातून पूर्ण व्याज आणि पाचवा भाग वजा करता येतो, आणि हे नव्या पद्धतीतही चालतं, फक्त नव्या पद्धतीत भाडं शून्यावर आलं की तिथे थांबायचं, त्यापुढचा तोटा पगारातून वजा होत नाही आणि पुढेही नेता येत नाही. जुन्या पद्धतीत तो तोटा वर्षाला २ लाखांपर्यंत पगारातून वजा होतो आणि उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो, पण पुढे तो फक्त घराच्याच उत्पन्नातून. समजा १५,००० भाडं आलं, वर्षाचे १,८०,०००, सगळ्या वजावटींनंतर सव्वा लाखाच्या आसपास राहतं, तुमच्या दोघांच्या व्याजापुढे ते लगेच शून्य होतं. म्हणजे भाड्यावर कर नाही. याउलट या पाच वर्षांत फ्लॅट विकलात तर राहिलेले भाग मिळत नाहीत, कारण ज्या घराचं उत्पन्नच तुमच्या नावावर नाही त्याचं व्याज कुठून वजा करणार.

कागदांचं आता करून ठेवा, आज सोपं आहे आणि चार वर्षांनी फार अवघड होतं. बँकेकडून २०२१-२२ पासून प्रत्येक आर्थिक वर्षाचं वेगळं अंतिम व्याज प्रमाणपत्र घ्या. तुम्ही पाठवलेल्यांपैकी २०२३-२४ च्या सर्टिफिकेटवर प्रोव्हिजनल लिहिलंय, ते वर्षाच्या सुरुवातीला अंदाजाने दिलेलं असतं, त्यानंतर व्याजदर बदलले किंवा बिल्डरला मध्येच नवा टप्पा गेला की आकडा बदलतो. त्या वर्षाचं अंतिम मागवा, आणि ६,५०,००० चा आकडा त्यावरून एकदा तपासून घ्या. कर्ज पुढे दुसऱ्या बँकेत ट्रान्सफर केलंत तरी वजावट चालू राहते, पण ट्रान्सफर करण्याआधी जुन्या बँकेकडून ही सगळी प्रमाणपत्रं काढून घ्या, खातं बंद झाल्यावर त्यांच्या मागे लागायला फार त्रास होतो. सोबत ओसीची प्रत, ताब्याचं पत्र आणि ६,५०,००० भागिले पाचचा एक साधा तक्ता. रिटर्नमध्ये आता व्याजाची वजावट घेणाऱ्याला बँकेचं नाव, कर्ज खातं नंबर, मंजुरीची तारीख, एकूण कर्ज आणि ३१ मार्चची बाकी एवढं भरावं लागतं, आणि तुम्ही नुसता आकडा टाकून मोकळ्या होऊ शकत नाही.

शेवटचं, हप्त्याबद्दल. तुमच्यासारखी बरीच जोडपी हातात पैसे असूनही पार्ट पेमेंट करत नाहीत, कारण व्याज कमी झालं तर टॅक्सचा फायदा जाईल असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. तुमच्या घरात तुम्ही नव्या पद्धतीत आहात, पुढच्या वर्षी मिस्टरही बहुतेक तिकडेच येतील, म्हणजे या व्याजावर कराची सवलत कुणालाच मिळत नसेल आणि साडेतीन लाख व्याज म्हणजे खिशातून गेलेले पूर्ण साडेतीन लाख असतील. तुमचा व्याजदर फ्लोटिंग आहे, त्यावर बँक मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड घेऊ शकत नाही. भाडं बंद झालंय, त्यातले वर्षाचे जे वाचतील ते आधी अडीअडचणीला थोडे बाजूला ठेवा आणि बाकीचे मुद्दलात भरा, आणि भरताना बँकेला लेखी सांगा की हप्ता तेवढाच ठेवून मुदत कमी करा.